टेंडरचा तक्ता आधी मांडा, लिफाफे मग फोडा



टेंडर कोणाला गेले, हे गावात सगळे विचारतात. ते कोणत्या तक्त्यावर गेले, हे विचारणारा क्वचित भेटतो. आजवर ते चालून गेले, कारण टेंडर सरकारचे असायचे आणि आपण बघे होतो. आता आपल्याच उत्पादक कंपन्या आणि सोसायट्या लाखांची यंत्रे घेतात, गोदामे बांधतात. पैसा सभासदांच्या भागभांडवलाचा, अनुदानाचा आणि कर्जाचा. खरेदी फसली तर हप्ता आपणच भरायचा. म्हणून या अंकात एकाच कागदाविषयी लिहितो. तो कागद म्हणजे टेंडरचा गुणांकन तक्ता.

जुनी पद्धत सर्वांना ठाऊक आहे. अटी पूर्ण करणाऱ्यांत ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. कचेरीच्या भाषेत तो 'एल-वन'. ही पद्धत सोपी आहे आणि तिच्यात लबाडीला जागा कमी आहे. पण स्वस्त घेतलेले यंत्र ऐन हंगामात बंद पडले आणि दुरुस्ती करणारा माणूस दोनशे किलोमीटरवरून यायचा असला, म्हणजे तिची दुसरी बाजू कळते. म्हणून दुसरी पद्धत निघाली. गुणवत्तेला काही गुण, किमतीला काही गुण, दोन्हींचे वजन आधी ठरवायचे आणि बेरजेने क्रम लावायचा. सल्लागार नेमण्यासाठी ही पद्धत सरकारात आधीपासून होती. केंद्राच्या अर्थखात्याने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी ती काही अटींवर बांधकामांना आणि इतर सेवांनाही खुली केली, पण तिथे गुणवत्तेचे वजन शंभरात ३० च्या वर जाऊ नये अशी मर्यादाही घातली. ही मर्यादा का घातली असावी, ते हिशेब मांडला की आपोआप कळते.

मी हे आमगावहून लिहितो आहे. हा धानाचा मुलूख. तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी. पण धान्य साफ करून प्रतवारी लावणारे यंत्र दोन्हीकडे चालते, चाळण्या तेवढ्या बदलाव्या लागतात. म्हणून उदाहरण त्याचेच घेऊ. समजा, आमगावकडच्या एका उत्पादक कंपनीला तासाला २ टन धान्य साफ करणारे यंत्र घ्यायचे आहे, बसवणी आणि पाच वर्षांची दुरुस्ती धरून. तीन टेंडरे आली. त्यांना अ, ब, क म्हणू. अ चा दर ९ लाख, ब चा १० लाख, क चा १२ लाख.

प्रत्येकाने दोन लिफाफे दिले. पहिल्यात यंत्राची माहिती आणि कागदपत्रे, दुसऱ्यात फक्त दर. आधी पहिला लिफाफा उघडून शंभरपैकी गुण द्यायचे. तोवर दराचा लिफाफा सीलबंद राहिला पाहिजे. दर कळल्यावर दिलेले गुण हे गुण नसतात, ती सोय असते.

समितीने चार रकाने केले आणि गुण असे पडले:

| बाब | कमाल गुण | अ | ब | क |
|---|---|---|---|---|
| आपल्याच धान्यावर चाचणी | ४० | ३० | ३४ | ३८ |
| दुरुस्ती आणि सुटे भाग | २५ | १५ | २२ | २४ |
| चालू असलेली अशीच यंत्रे | २० | १५ | १६ | २० |
| टनामागे विजेचा खर्च | १५ | १२ | १३ | १३ |
| एकूण | १०० | ७२ | ८५ | ९५ |

आता दराचे लिफाफे उघडायचे. सर्वांत कमी दर असेल त्याला किमतीचे पूर्ण १०० गुण. बाकीच्यांसाठी सर्वांत कमी दराला त्यांच्या दराने भागायचे आणि शंभराने गुणायचे. अ ला १००. ब ला ९ भागिले १०, म्हणजे ९०. क ला ९ भागिले १२, म्हणजे ७५. इथवर भांडणाला जागा नाही.

भांडण वजनावर आहे. गुणवत्तेला ३० आणि किमतीला ७० वजन दिले तर अ ला ९१.६, ब ला ८८.५ आणि क ला ८१ गुण होतात. अ पहिला. दोन्हींना ५०-५० वजन दिले तर अ ८६, ब ८७.५, क ८५. आता ब पहिला. गुणवत्तेला ७० आणि किमतीला ३० दिले तर अ ८०.४, ब ८६.५, क ८९. आता क पहिला.

बघा, यंत्रे तीच, दर तेच आणि चाचणीचे गुणही तेच. तीन वजने लावली आणि तीन वेगळे विजेते निघाले. कोणी एका रुपयाची लाच घेतली नाही, एक आकडा खोडला नाही. ज्याने वजन ठरवले त्याने निकाल ठरवला. म्हणून वजन लिफाफे फुटल्यावर ठरत असेल, किंवा 'समितीच्या निर्णयानुसार' असे गोलमाल लिहून ठेवले असेल, तर ते टेंडर नाही. नाव आधी ठरवून नंतर केलेली ती बेरीज आहे.

मग योग्य वजन कोणते? याला एकच उत्तर नाही, पण ते काढण्याची रीत आहे. गुणाचे रुपये करून पाहायचे. गुणवत्तेचे १० गुण जास्त असलेल्याला आपण किती जादा किंमत द्यायला तयार आहोत, हा खरा प्रश्न. आपल्या उदाहरणात सर्वांत कमी दर ९ लाख आहे. ३०-७० वजनात ते १० जादा गुण सुमारे ४० हजार रुपयांचे पडतात. ५०-५० मध्ये तेच गुण १ लाखाचे होतात. ७०-३० मध्ये तेच गुण पावणेतीन लाखांपर्यंत जातात. 'गुणवत्तेला प्राधान्य' हे शब्द ऐकायला गोड आहेत. त्यांची किंमत अशी रुपयांत मांडली की सभासद लगेच विचारतात, एवढे कशासाठी?

त्याचे उत्तर शेतातल्या हिशेबानेच द्यायचे. यंत्र दिवसाला ८ तास चालले तर १६ टन, म्हणजे १६० क्विंटल धान्य निघते. क्विंटलला ३० रुपये सफाईचा आकार धरला तर बंद पडलेला दिवस ४,८०० रुपयांचा. ब ची दुरुस्तीची सोय चांगली असल्यामुळे हंगामात ५ दिवस वाचतात असे धरा. हंगामाला २४ हजार, पाच हंगामांत १ लाख २० हजार. ब ला अ पेक्षा १३ गुण जास्त आहेत. ५०-५० वजनात त्या १३ गुणांची किंमत सुमारे १ लाख ३४ हजार होते, ३०-७० मध्ये फक्त ५३ हजार. म्हणजे या कंपनीला ५०-५० च्या आसपासचे वजन शोभते. ७०-३० चे समर्थन करायचे असेल तर याहून कितीतरी मोठा फायदा कागदावर दाखवावा लागेल. पाच दिवसांऐवजी दोनच दिवस वाचत असतील तर फायदा ४८ हजारांवर येतो, आणि मग ३०-७० पुरेसे आहे. हे आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत. तुमचे तुम्ही भरा. पण भरा ते टेंडरची जाहिरात निघण्याआधी.

वजनानंतरची दुसरी जागा म्हणजे गुण देण्याचे माप. इथे कापूसवाल्यांना फार समजावायला नको. १९७२ साली महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या काळी ग्रेडर गाडीतल्या कापसात हात घाली, बोंड डोळ्यांपुढे धरी आणि ग्रेड सांगे. ग्रेड बदलली की भाव बदले. त्या बोटांना काय लागले आणि त्या डोळ्यांना काय दिसले, याचा कागद शेतकऱ्याच्या हाती नसे. आज कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलावा यंत्राने मोजतात. हमीभावाला ८ टक्के धरतात आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाहीत. हा नियम जाचक आहे की नाही यावर वाद घालता येतो, पण आकडा दोघांना दिसतो. आकडा चुकला तर पुन्हा मोजा असे म्हणता येते. डोळ्याला पुन्हा पाहा म्हणून काय उपयोग?

टेंडरच्या तक्त्यातही असे दोन प्रकारचे रकाने असतात. 'कंपनीची एकूण क्षमता', 'सादरीकरण', 'कामाची समज' हे हात घालून ग्रेड सांगण्याचे रकाने. त्यांत कोणाला १८ आणि कोणाला ११ का पडले, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. दुसरे रकाने मापाचे. चाचणीचा रकाना असा लिहा: आपल्याच गोदामातले ५ क्विंटल धान्य प्रत्येक यंत्रावर, सगळ्यांसमोर चालवायचे. निघालेल्या मालात काडीकचरा किती, कचऱ्यात चांगला दाणा किती गेला आणि वेळ किती लागला, हे वजन करून लिहायचे. कचरा अर्ध्या टक्क्याच्या आत तर अमुक गुण, एक टक्क्यापर्यंत तर तमुक, हे जाहिरातीतच छापायचे. दुरुस्तीच्या रकान्यात 'सेवा उत्तम' असे लिहू नका. तक्रार दिल्यापासून किती तासांत माणूस येईल, सुटे भाग कोणत्या गावी मिळतात, उशीर झाल्यास दिवसाला किती दंड कबूल आहे, हे विचारा. ज्या बोलीदाराने २४ तास लिहून गुण घेतले, त्याच्या करारातही ते २४ तास आणि तो दंड उतरलाच पाहिजे. पुष्कळ ठिकाणी वचनावर गुण मिळतात आणि करारात ते वचन सापडत नाही.

समितीतील प्रत्येकाने आपला तक्ता वेगळा भरून सही करावी, मग सरासरी काढावी. पाच जणांपैकी चौघांनी एखाद्याला २० च्या आसपास गुण दिले आणि पाचव्याने ८ दिले, तर त्याने कारण लिहावे. कारण चांगले असू शकते, त्याने कदाचित बाकीच्यांना न दिसलेले काही पाहिले असेल. पण ते लिहिलेले हवे. एकच स्वच्छ तक्ता आणि खाली पाच सह्या दिसल्या, तर समजा की एकानेच भरला आणि चौघांनी चहा घेतला.

तिसरी जागा जास्त कावेबाज आहे. किमतीचे गुण सर्वांत कमी दरावर ठरतात, हे आपण पाहिले. आता वजन ५०-५० धरा. तिथे ब पहिला होता. समजा ड नावाचा चौथा बोलीदार आला. गुणवत्तेचे गुण ७०, दर फक्त ५ लाख. आता १०० गुण त्याला. ब चे किमतीचे गुण ९० वरून ५० वर आले, क चे ७५ वरून ४१.६७ वर. दोघांमधले अंतर १५ चे सव्वाआठ झाले. बेरीज करा: ड ८५, क ६८.३३, ब ६७.५, अ ६३.७८. ड पहिला आला आणि दुसऱ्या दिवशी 'परवडत नाही' म्हणून निघून गेला. दुसरा कोण? क, १२ लाखांचा. ब ने दर वाढवला नाही, क ने कमी केला नाही. तरी एका येऊन गेलेल्या पाहुण्याने त्यांचा क्रम उलटवला आणि कंपनीचे २ लाख गेले. तो पाहुणा कोणी धाडला होता, हे मग शोधत बसा.

याचा बंदोबस्त दोन अटींत आहे. पहिली, माघार घेणाऱ्याची बयाण्याची रक्कम जप्त होईल आणि ती रक्कम नावापुरती नसेल. दुसरी, पहिला आलेला पळाला तर दुसऱ्याला काम आपोआप मिळणार नाही, टेंडर पुन्हा निघेल. केंद्रीय दक्षता आयोगाने एल-वनच्या बाबतीत, तो मागे हटला तर फेरनिविदा काढा, असे २००७ सालीच सांगून ठेवले आहे. हंगाम तोंडावर असताना फेरनिविदा जड जाते, हे खरे. म्हणून टेंडर हंगामाच्या तीन महिने आधी काढावे. घाई ही कावेबाजांची जुनी मैत्रीण आहे.

अशीच खुबी किमान गुणांच्या अटीत आहे. ७० च्या खाली गुण पडले तर दराचा लिफाफा उघडायचा नाही, अशी अट असते आणि ती रास्त आहे. पण आपल्या उदाहरणात ती ७५ केली की ७२ गुणांचा अ बाद होतो. त्याचा ९ लाखांचा दर कोणाला कळतच नाही. ३०-७० वजनातही मग ब निवडून येतो. म्हणजे त्या तीन गुणांनी १ लाखाचा फरक केला. बाद झालेल्याला आपले गुण रकान्यानिशी कळले पाहिजेत, आणि तेही दराचे लिफाफे उघडण्याच्या आधी. त्याला हरकत घ्यायला तीन-चार दिवस द्यावेत. दर फुटल्यावर आलेली हरकत कोणी ऐकून घेत नाही.

आपणच लिहिलेली अट आपल्याला किती बांधते, याचा निवाडा मुंबईच्या एका प्रकरणात झाला आहे. १९७७ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर उपाहारगृह चालवण्यासाठी विमानतळ प्राधिकरणाने टेंडर मागवले. जाहिरातीत अट होती की बोलीदार दुसऱ्या वर्गाचा नोंदणीकृत हॉटेलवाला असावा आणि त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. काम ज्याला दिले त्याने रक्कम सर्वांत जास्त देऊ केली होती, पण तो कँटीन चालवणारा होता. अटीतली नोंदणी त्याच्याकडे नव्हती. रमण दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७९ साली निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की सरकारी संस्थेने जी कसोटी जाहीर केली, ती तिला पाळावीच लागेल. ती अट वाचून जे घरी बसले, त्यांच्यावर अन्याय होतो. पण निकालाचा दुसरा भागही लक्षात ठेवा. ते टेंडर रद्द झाले नाही. अर्जदार उशिरा आला होता, तोवर काम घेणाऱ्याने खर्च केला होता, आणि अर्जदाराचा स्वतःचा हेतूही न्यायालयाला पटला नाही. तत्त्व जिंकले आणि उपाहारगृह ज्याचे होते त्याचेच राहिले. जो प्रश्न लिफाफे फुटायच्या दिवशी विचारायचा, तो दोन वर्षांनी न्यायालयात विचारून हाती काय लागते?

गुणांकन तक्ता सगळ्या रोगांवर औषध नाही, हेही सांगितले पाहिजे. तीनही टेंडरे एकाच घरातून आली असतील तर तक्त्याला ते कळत नाही. लेटरहेड वेगळे पण बयाण्याचे धनाकर्ष एकाच बँकेतून एकाच दिवशी निघालेले, चुकासुद्धा सारख्याच, असे दिसले की समितीने थांबावे. अनुभवाचे दाखले खोटे असू शकतात. त्यावर उपाय एकच, जिथे यंत्र चालू असल्याचे लिहिले आहे तिथे जाऊन पाहणे. आणि जी वस्तू ठरीव मापाची आहे, म्हणजे बारदाना, सिमेंट, खताची पोती, तिथे गुणांकन करूच नये. तिथे नमुना आणि प्रमाण नीट लिहावे, न बसणारा माल परत करावा आणि कमी दरवाल्याकडून घ्यावे. सुतळीच्या पोत्याला 'सादरीकरणाचे' वीस गुण ठेवणाऱ्याला ते कशासाठी, एवढेच विचारा.

सरकारी टेंडरचा तुलनात्मक तक्ता, काम दिल्यानंतर, माहितीच्या अधिकारात मागता येतो. २००५ च्या या कायद्याखाली महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. 'सर्व कागद द्या' असे लिहू नका. 'प्रत्येक बोलीदाराचे रकानेनिहाय गुण, समिती सदस्यांचे स्वतंत्र तक्ते आणि जाहिरातीतील वजन' एवढेच नेमके मागा. व्यापारी गुपित म्हणून काही नाकारतील, पण गुण हे बोलीदाराचे गुपित नाही, ते समितीचे काम आहे.

आपल्या स्वतःच्या कंपनीला हा कायदा बहुधा लागू होत नाही. तिथे आपला ठराव हाच कायदा. म्हणून येत्या जिल्हा बैठकीत पुढील मजकूर ठराव म्हणून मांडावा, असे मी सुचवतो: तीन लाखांवरील कोणत्याही खरेदीत गुणांकन करायचे असेल, तर रकाने, प्रत्येक गुणाचे माप, वजन, किमान गुण आणि किमतीचे सूत्र जाहिरातीत छापले जाईल. गुणवत्तेच्या दहा गुणांची किंमत रुपयांत काढून ती सभासदांपुढे आधी वाचली जाईल. गुणवत्तेचे तक्ते सही होऊन भिंतीवर लागल्याशिवाय दराचा लिफाफा उघडणार नाही. दर बोलीदारांसमोर वाचून बेरीज तिथेच फळ्यावर होईल. आणि पहिला पळाला तर फेरनिविदा निघेल.

या ठरावाला खर्च येतो तो खडूचा आणि फळ्याचा. बैठकीत कोणी याला विरोध केला तर त्याच्यावर लगेच संशय घेऊ नका. त्याला यातली कोणती ओळ नको आहे, एवढे विचारा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.